पडद्यालगतचा हात

शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंना आपल्या नजरेचा भारी तोरा होता. कुणाचं बटण चुकीच्या काजात गेलंय, भिंतीवरचं घड्याळ किती तिरकं आहे, कोणत्या मास्तरांनी एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात निळा मोजा घातलाय, हे त्यांना दारातूनच दिसायचं. आणि दिसलं की त्या बोलायच्या. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की निम्मे जण आधी आपले पाय टेबलाखाली घ्यायचे.

घरी मात्र सासूबाईंपुढे हा तोरा चालत नसे. "जगाला बघायला शिकवते आणि गॅसवर दूध उतू चाललंय ते हिला दिसत नाही," असं त्या अगदी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. बाई म्हणायच्या, "आई, मी आकार बघत होते." त्यावर सासूबाई म्हणायच्या, "हो, बघ. दुधाचा आकार आता शेगडीवर पसरलाय, छान निवांत बघ." नवरा पेपराच्या आड असायचा. पेपराच्या आड बसलेल्या माणसाला कुणीच काही विचारत नाही, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

तर अशा या बाईंना एके दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. मुलं त्यांना हेडसर म्हणत. हेडसर माणूस वाईट नव्हते, फक्त शेवटी ज्याच्याशी बोलले असतील त्याचं मत त्यांचं मत असे. त्या दिवशी ते गणिताच्या सरांशी बोलले होते.

"बाई, बसा. पुढच्या सत्रापासून ड्रॉइंगचा तास गणिताला द्यायचं मंडळाच्या मनात आहे."

"आणि मी?"

"तुमचं काय, तुम्ही अनुभवी आहात. कोणी गैरहजर असलं की त्या वर्गावर बसायचं. शिवाय नकाशे आहेत, त्यांची गुंडाळी नीट होत नाही."

इतकी वर्षं पोरांना बघायला शिकवून शेवटी नकाशे गुंडाळायचे!

"सर, ड्रॉइंग म्हणजे नुसती फुलं-पानं नाहीत हो. मी नजर शिकवते."

"तेच मंडळाला पटवा," हेडसर सुटल्यासारखे म्हणाले. "बैठकीच्या आधी अर्धा तास देतो. काही मुलं घेऊन या, धडा घेऊन दाखवा. त्यांना पटलं तर तास राहील. मी तर तुमच्या बाजूनेच आहे." हे त्यांनी गणिताच्या सरांनाही सांगितलेलं असणार, यात बाईंना शंका नव्हती.

आता बाई शिकवायच्या काय, ते सांगायला हवं. मोठ्या पुस्तकांत त्याला गेस्टाल्टची तत्त्वं म्हणतात. बाई त्याला डोळ्याची खोड म्हणायच्या. त्यांचं म्हणणं असं, की डोळा हा फार घाईचा गडी आहे. समोर शंभर गोष्टी असल्या तर तो त्या शंभर बघत बसत नाही. पटापट गठ्ठे बांधतो आणि मोकळा होतो.

फळ्यावर त्या ठिपके काढायच्या. खाली-वर अंतर कमी, आडवं अंतर जास्त. "काय दिसतं?" पोरं म्हणायची, "उभ्या रांगा!" मग तेवढेच ठिपके पुन्हा काढायच्या, पण आता शेजारशेजारचे जवळ आणि खालचे लांब. "आता?" "आडव्या रांगा!" बाई म्हणायच्या, "रांग मी एकही काढली नाही. ठिपके काढले. रांग तुमची. जे जवळ ते एका घरचं, असं डोळा धरून चालतो."

मग सगळे ठिपके सारख्या अंतरावर, पण एका ओळीत लाल खडू, एका ओळीत पांढरा. लगेच पोरांना लाल ओळ, पांढरी ओळ. "ज्यांचा गणवेश एक ते एका शाळेतले, हीसुद्धा डोळ्याचीच समजूत." दोन रेघा एकमेकींना कापून गेल्या की डोळा सरळ वाटेने पुढे जातो, उगाच कोपऱ्यावर वळत नाही. आभाळात एकत्र उडणारी पाखरं एक थवा होतात, त्यातलं एक उलटं वळलं की तेवढंच वेगळं उठून दिसतं.

आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे फुटकं वर्तुळ. बाई एका जागी चांगली बोटभर फट ठेवून वर्तुळ काढायच्या आणि म्हणायच्या, "आहे तसं उतरवा." पोरं उतरवायची. आणि वर्गातल्या बहुतेक वह्यांत वर्तुळ पुरं! कल्हई करून परत दिल्यासारखं.

"तुम्हाला दुरुस्त करायला कुणी सांगितलं होतं?"

"बाई, ते तर गोलच होतं."

"हो ना? मग ही फट काय, उंदराने खाल्ली?"

असा तो वर्ग चालायचा. डोळ्याची खोड वाईट नाही, असंही बाई सांगायच्या. ती नसती तर रस्ता ओलांडताना माणूस प्रत्येक चाक वेगळं मोजत बसला असता आणि तिथेच संपला असता. पण नीट बघायचं असेल तेव्हा डोळ्याने बांधलेला गठ्ठा सोडून बघावा लागतो. त्याची युक्ती म्हणजे पुठ्ठ्याची खिडकी. पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी भोक. ते चित्रावर धरायचं, म्हणजे शेजारपाजार झाकला जातो आणि भोकात आहे तेवढंच उरतं. शेजारी गेले की डोळ्याला गठ्ठा बांधता येत नाही, झक मारत बघावं लागतं.

तर मंडळापुढच्या धड्याची तयारी सुरू झाली आणि हेडसर मदतीला आले. हेडसर मदतीला आले की कामाचं काय होतं ते शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाई, हे ठिपके-बिपके ठीक आहे. पण मंडळाला नावं लागतात. मुलांनी तत्त्वांची नावं खणखणीत सांगितली पाहिजेत."

झालं. जवळीक, सारखेपणा, सातत्य, पूर्णता, आकृती आणि पार्श्वभूमी, अशी यादी भिंतीवर लागली. पोरं आठवडाभर ती घोकत राहिली. पाठांतरात पोरं हुशारच असतात, त्यात डोकं कुठे लागतं? रंगीत तालमीला बाईंनी वर्गापुढे एक मोठा कागद धरला आणि विचारलं, "काय दिसतं?"

"जवळीक!" एक ओरडला.

"सारखेपणा!" दुसरी.

"पूर्णता, बाई, पूर्णता!" मागच्या बाकावरून चिमणी म्हणाली. ही पोरगी दिवसभर चिवचिवायची, म्हणून तिचं नाव चिमणी. खरं नाव हजेरीपुरतं.

बाईंनी कागद उलटा केला. दुसरी बाजूही कोरी होती. त्यावर काहीच काढलेलं नव्हतं.

हेडसर मागे उभे होते. टाळ्या वाजवायला त्यांनी वर केलेले हात त्यांनी हळूच खाली घेतले आणि खिशात घातले.

"वा," बाई म्हणाल्या. "कोऱ्या कागदात तुम्हाला एवढं दिसतं, मग पुढे तुम्हाला भविष्यच सांगायला बसवते. चार पैसे तरी मिळतील."

त्यांनी भिंतीवरची यादी फाडली. तोंडाने बोलल्या पोरांना, पण मनात त्यांना कळलं होतं की चूक पोरांची नाही. तास वाचवायच्या धास्तीने त्यांनीच बघणं सोडून बडबड शिकवली होती. दुसऱ्या दिवसापासून नियम एकच. नाव कुणी घ्यायचं नाही. आधी सांगायचं काय दिसतं, मग खिडकी लावून सांगायचं काय आहे, आणि दोन्हींत फरक निघाला तर तो आपण कुठून आणला ते शोधायचं.

बैठकीचा दिवस आला. मंडळाची खोली म्हणजे लांब टेबल, गाद्यांच्या खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीवर मोठ्ठं तैलचित्र. शाळेच्या मंडळाचंच. टेबलामागे पाच जण ओळीने बसलेले, सगळे पांढऱ्या सदऱ्यांत, सगळ्यांचे हात टेबलाच्या कडेवर. चित्राच्या अगदी उजव्या टोकाला, जाड तांबड्या पडद्याला लागून अध्यक्ष बसलेले. भाषणांमध्ये या चित्राचा हमखास उल्लेख व्हायचा. "बघा, अध्यक्ष असून टोकाला बसले! केवढा हा विनय!" अध्यक्ष प्रत्येक वेळी खाली मान घालून नको नको म्हणायचे आणि प्रत्येक वेळी ते ऐकून घ्यायचे.

या खोलीत मुलांना मज्जाव होता, म्हणून पोरांनी ते चित्र कधी पाहिलं नव्हतं. बाई मात्र दर बैठकीला त्याच्या बरोबर समोर बसत आल्या होत्या.

धडा सुरू झाला. ठिपके झाले, फुटकं वर्तुळ झालं. वर्तुळ मंडळालाही उतरवायला दिलं, आणि मंडळातल्या पाचांपैकी चौघांनी ते इमानदारीने पुरं करून दिलं. पाचवे खजिनदार होते, त्यांनी फट ठेवली, पण ती भलत्याच बाजूला. पोरं खुदखुदली. अध्यक्षही हसले. बाईंना वाटलं, जमलं बहुतेक.

तेवढ्यात खजिनदार घसा खाकरून म्हणाले, "छान आहे. पण हे सगळं बसवलेलं. ठिपके तुमचे, वर्तुळ तुमचं, उत्तरं तुमची. मुलांनी कधी न पाहिलेलं काही दाखवा, मग खरं."

"काय दाखवू?"

खजिनदारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. "हे घ्या की. समोरच आहे."

हेडसरांचा चेहरा उजळला. मंडळापुढे मंडळाचंच चित्र! याहून गोड काय? "हो हो, उत्तम! मुलांनो, आपल्या मान्यवरांचं चित्र नीट पाहा आणि सांगा."

पोरं चित्रापुढे गेली. आधी सांगितलं काय दिसतं. पाच आजोबा, एक टेबल, एक पडदा, हातांची एक रांग, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. इथे अध्यक्षांच्या भुवया जरा वर गेल्या. मग खिडक्या निघाल्या. एकेक पोर एकेका माणसापुढे पुठ्ठा धरून सरकू लागलं. चिमणी टोकाला, पडद्यापाशी होती, आणि ती चक्क गप्प होती. ती गप्प बसली की बाईंना धडकी भरायची.

"बाई," ती म्हणाली, "या आजोबांना तीन हात आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हेडसर दोन ढांगांत तिच्यापाशी पोचले. "ए! काय बोलतेस? ते कोण आहेत माहीत आहे का?"

"माहीत नाही सर. पण तीन आहेत. एकात पेन आहे. एक कागदावर आहे. आणि हा एक टेबलावर नुसताच ठेवलाय."

बाईंनी बसल्या जागेवरून पाहिलं. दोन हात. दर बैठकीला दोनच तर असत. त्या उठून जवळ गेल्या. दोनच. मग चिमणीच्या हातातला पुठ्ठा घेऊन त्यांनी डोळ्यापुढे धरला, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तीन. पेन धरलेला एक, कागदावरचा एक, आणि पडद्यालगत टेबलाच्या कडेवर पालथा पडलेला तिसरा. मनगटाशी पांढरी बाही, ती अध्यक्षांच्या बाहीत अशी मिसळलेली की बस्स. बोटात खड्याची अंगठी.

शाळाभरचे मोजे ओळखणाऱ्या बाईंना समोरच्या भिंतीवरचा आख्खा हात इतकी वर्षं दिसला नव्हता! दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिव्यानेच डोळे मिटून घेतले होते.

"बाई," हेडसर कानाशी कुजबुजले, "सदऱ्याची चुणी आहे म्हणा. नाहीतर सावली. सावली म्हणा, सावली चांगली वाटते."

तिकडून अध्यक्ष बोलले. आवाज थंड होता. "बाई, या विषयातल्या जाणकार तुम्ही. मी या चित्राखाली बरीच वर्षं बसतोय. मला दोन हात दिसतात, सगळ्यांना दोन दिसतात. तुम्ही सांगा, किती आहेत?"

आता यात न समजण्यासारखं काही नव्हतं. सावली म्हटलं की तास राहिला. तीन म्हटलं की नकाशे. बाईंनी चिमणीकडे पाहिलं. पोरगी पुठ्ठा घेण्यासाठी हात पुढे करून उभी होती, घाबरली नव्हती, फक्त वाट बघत होती. तिला खरंच वाटत होतं की बाई आता काय आहे तेच सांगतील. असला विश्वास म्हणजे मोठी कटकट असते.

"तीन आहेत," तिला पुठ्ठा परत देत बाई म्हणाल्या. "आणि मलाही आजवर दोनच दिसत होते, हेही सांगते."

"म्हणजे मला तीन हात आहेत?"

"तुम्हाला दोनच. चित्राला एक जास्तीचा आहे. आपल्या डोळ्यांनी तो तुमच्या नावावर चढवला. बाही पांढरी, तुमचीही पांढरी. हात तुम्हाला खेटून. वर सगळे हात टेबलाच्या कडेने एका ओळीत, म्हणून नजर घसरत पुढे जाते, थांबून मोजत नाही. आणि हाताला माणूस हवाच. तिकडे नुसता पडदा, मग डोळ्याने जवळचा माणूस दिला जोडून."

"कशावरून माझा नाही?" अध्यक्ष काही सोडायला तयार नव्हते.

बाई उत्तर शोधू लागल्या, तोवर चिमणीने आपले दोन्ही हात मंडळाच्या टेबलावर पालथे ठेवलेसुद्धा. "आजोबा, तुम्हीपण ठेवा ना असे. बघा, दोन्ही अंगठे आत येतात, आपल्याकडे. चित्रातला हात तुमच्या डाव्या बाजूला आहे, पण त्याचा अंगठा पडद्याकडे आहे. डावा हात असता तर तुमच्याकडे असता. हा उजवा हात आहे. पडद्याकडे बसलेल्या माणसाचा."

आणि मग त्या खोलीत असा देखावा झाला, की मंडळाचे पाचही जण टेबलावर हात पालथे ठेवून आपापले अंगठे बघत बसले. हेडसरांनीही ठेवले. कुणी बाहेरून डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, नखांची तपासणी चालू आहे.

मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासदांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते नेहमी मोठ्याने बोलायचे. ते मोठ्यानेच म्हणाले, "अरे, ही तर त्याची अंगठी! आपल्या जुन्या कार्यवाहाची! आठवतं का, तुमचं त्याचं वाजलं आणि तो सोडून गेला? मग तुम्हीच पेंटरला सांगितलंत की त्याच्यावर पडदा रंगव म्हणून!"

खजिनदार छताकडे बघू लागले. छत पांढरं होतं, तिथे मोजायला काही नव्हतं.

सगळं उलगडलं. टोकाला अध्यक्ष नव्हतेच बसले. टोकाला कार्यवाह होता. त्याला पडद्याआड घातला आणि अध्यक्ष आपोआप टोकाला आले, आणि त्यावर इतकी वर्षं विनयाची भाषणं झाली. पेंटरने माणूस पुसला, पण एक हात अध्यक्षांच्या बाहीला इतका चिकटला होता की तो अध्यक्षांचाच समजून त्याने ठेवून दिला. पेंटर झाला तरी त्याचेही डोळेच.

अध्यक्ष उठले. चिमणीपाशी येऊन त्यांनी हात पुढे केला. तिने पुठ्ठा दिला. ते चित्रापुढे बराच वेळ एक डोळा मिटून उभे राहिले.

"तोच," ते अखेर म्हणाले. "बोलता बोलता टेबलावर असाच हात ठेवायचा. मी म्हटलं होतं, सगळा काढ." मग जरा थांबून, जणू दुसऱ्याच कुणाला, "भांडण कशावरून झालं होतं तेही आता नीटसं आठवत नाही."

मग मुलांना बाहेर पाठवलं आणि बैठक झाली. मंडळ म्हणजे मंडळ. त्याने नजर, शिक्षण, कला यांवर काही चर्चा केली म्हणावं, तर तसं झालं नाही. म्हातारे सभासद फक्त एवढंच म्हणाले, आणि अर्थातच मोठ्याने, "आता तास काढलात तर गावभर होईल की पोरीने हात मोजला म्हणून यांनी तास काढला." खजिनदारांनी लगेच मान डोलावली. गणिताला आहेत तेवढे तास पुरेत, असं आपलं फार पूर्वीपासूनचं मत असल्याचं हेडसरांनी तिथल्या तिथे सांगितलं. तास राहिला. इतकी वर्षं बाईंनी जीव तोडून शिकवलं त्याने नव्हे, लोक काय म्हणतील याने. पण उतू गेलेलं दूध आणि मिळालेला तास, दोन्हींना 'का?' म्हणून विचारू नये.

चित्राचाही प्रश्न निघाला. हेडसर म्हणाले, "बाई रंगात वाकबगार आहेत, तांबडा रंग आणवतो, तेवढ्या हातावर पडदा ओढून टाकतील."

"मी नाही ओढणार," बाई म्हणाल्या. मघाशी तीन म्हणून बसल्या होत्या, आता जीभ सैल झाली होती.

"राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "आहे तसा राहू द्या." आणि बैठक संपेपर्यंत ते चित्राकडे पाठ करून बसले नाहीत, खुर्ची थोडी वळवून बसले.

बाई बाहेर आल्या. पोरं व्हरांड्यात भिंतीला टेकून रांगेत उभी होती. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी गिल्ला केला नाही. दिसलं त्यावरून लगेच ठरवून टाकायचं नाही, हे त्यांना आता शिकवलेलं होतं.

"राहिला," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. शेजारच्या वर्गातून गणिताच्या सरांनी दार लावून घेतलं.

सगळे वर्गाकडे निघाले. चिमणी बाईंच्या बरोबरीने चालत होती. पुठ्ठा अध्यक्षांकडेच राहिल्याची तिची तक्रार होती, ती झाली. मग तिने विचारलं, "बाई, तुम्ही तर दर बैठकीला त्या खोलीत बसता. तुम्हाला तो हात कधी दिसला?"

बाईंच्या ओठांवर चार उत्तरं येऊन गेली, सगळी शिक्षिकेला शोभणारी.

"तुला दिसल्यावर," त्या म्हणाल्या.

चिमणीने यावर थोडा विचार केला. "मग पुढच्या वेळी मला घेऊन बसत जा," ती म्हणाली आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.